रिकामी जागा आणि शब्दाचे रूप : प्रश्नसंच तयार करतानाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. या सत्रात नववीसाठी शब्दसिद्धीवर चाळीस प्रश्नांचा संच करायचा आहे. पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट खटकली होती. ‘उपसर्गघटित व प्रत्ययघटित शब्द वेगळे करा’ हा प्रश्न बहुतेकांनी बरोबर सोडवला. गैरहजर एका रकान्यात, गुलामगिरी दुसऱ्या रकान्यात, पैकीच्या पैकी गुण. त्याच मुलांच्या निबंधांत मात्र ‘त्याची शूर पाहून’, ‘तिने प्रामाणिक काम केले आणि प्रामाणिक मिळाले’ अशी वाक्ये होती. म्हणजे तयार शब्दाला कोणता प्रत्यय लागलाय हे त्यांना ओळखता येते, पण वाक्याला हवा असलेला शब्द घडवता येत नाही.

म्हणून संचात वर्गीकरण नसेल. वाक्यात एक जागा रिकामी असेल, शेजारी कंसात मूळ शब्द असेल आणि मुलांनी त्याला उपसर्ग किंवा प्रत्यय लावून नाम, विशेषण किंवा क्रियाविशेषण यांपैकी जे हवे ते रूप भरायचे. आज फक्त मूळ शब्द गोळा केले : शूर, उदार, शांत, भय, सोय, हजर, समाज, गरीब, काळजी आणि असेच आणखी तीसएक.

२० नोव्हेंबर

विधानसभेचे मतदान, शाळेला सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि दुपारी पहिली दहा वाक्ये लिहिली. लिहिताना सगळी छान वाटली, उत्तरसूची करायला बसल्यावर अडकले.

पहिले वाक्य असे होते : ‘तिच्या ______मुळे सगळे भारावले. (उदार)’. माझ्या मनात उत्तर होते ‘औदार्यामुळे’. पण ‘उदारपणामुळे’ लिहिले तर चूक कशी म्हणणार? ‘उदारतेमुळे’ही बरोबरच. एका शब्दापासून तीन नामे होतात आणि वाक्य तिघांनाही सामावून घेते.

तीनदा वाचल्यावर लक्षात आले की दोष ‘तिच्या’मध्ये आहे. पुढे विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय आले की चा, ची, चे या तिन्हींचे ‘च्या’ होते आणि नामाचे लिंग झाकले जाते. तेच वाक्य उघडे करून लिहिले तर?

‘तिचा ______ सगळ्यांना भावला.’ इथे पुल्लिंगी नाम हवे, म्हणून उदारपणा.
‘तिची ______ सगळ्यांना भावली.’ इथे स्त्रीलिंगी, म्हणून उदारता.
‘तिचे ______ सगळ्यांना भावले.’ इथे नपुंसकलिंगी, म्हणून औदार्य.

मराठीत भाववाचक नाम घडवणाऱ्या प्रत्ययांची लिंगे जवळजवळ ठरलेली आहेत. ‘-पणा’ आणि ‘-वा’ पुल्लिंगी : साधेपणा, गोडवा, गारवा, ओलावा. ‘-ता’, ‘-ई’, ‘-आई’, ‘-की’, ‘-गिरी’ स्त्रीलिंगी : नम्रता, हुशारी, चपळाई, माणुसकी, गुलामगिरी. ‘-त्व’, ‘-य’ आणि ‘-पण’ नपुंसकलिंगी : नेतृत्व, धैर्य, शहाणपण. म्हणजे रिकाम्या जागेच्या आधीचा ‘चा-ची-चे’ आणि नंतरचे क्रियापद मिळून कोणता प्रत्यय लावायचा ते सांगतात. मी इतकी वर्षे मुलांना ‘अर्थ बघा’ एवढेच सांगत आले. बघायला अर्थाच्या जोडीला एवढी ठोस खूण होती, ती मी कधी दाखवलीच नाही.

संध्याकाळपर्यंत नामांची सगळी वाक्ये मोडून पुन्हा लिहिली. ‘च्या’चे एकच वाक्य मुद्दाम ठेवले. त्यात ‘जितकी रूपे सुचतील तितकी लिहा’ असा प्रश्न आहे, कारण तिथे सामान्यरूपही तपासता येते : औदार्य–औदार्यामुळे, उदारता–उदारतेमुळे, पण उदारपणा–उदारपणामुळे. ‘घोडा’चे ‘घोड्यामुळे’ होते म्हणून ‘उदारपण्यामुळे’ होत नाही. ‘-पणा’ आपले रूप बदलत नाही, हे मुलांना एकदा तरी मोठ्याने म्हणून दाखवावे लागेल.

२२ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत संस्कृतच्या सरांना दहा वाक्ये दाखवली. ते म्हणाले, “बाई, मुलं ‘शौर्यता’ लिहिणार. तयारीत राहा.”

मी म्हटले, “लिहितातच. ‘सौंदर्यता’ आणि ‘औदार्यता’ही लिहितात. पण चूक का, हे त्यांना पटेल असं कसं सांगायचं?”

त्यांनी फळ्यावर पाणिनीचे सूत्र लिहिले : ‘तस्य भावस्त्वतलौ’. ‘त्याचा भाव’ या अर्थी त्व आणि तल् हे प्रत्यय लागतात, आणि तल् म्हणजे आपला ‘-ता’. ‘शूर’चा भाव म्हणजे शूरत्व किंवा शूरता. त्याच अर्थाने दुसरा प्रत्यय लागून ‘शौर्य’ होते. भाव एकदा सांगून झाला, मग त्याच भावाचा पुन्हा भाव कशाला काढायचा?

या दुसऱ्या प्रत्ययाची खूण सोपी आहे. शेवटी ‘य’ येतो आणि शब्दातला पहिला स्वर वाढतो : ‘अ’चा ‘आ’, ‘इ’चा किंवा ‘ई’चा ‘ऐ’, ‘उ’चा किंवा ‘ऊ’चा ‘औ’. मधुर–माधुर्य, धीर–धैर्य, विविध–वैविध्य, सुंदर–सौंदर्य, शूर–शौर्य. ‘-इक’ लावून विशेषण करतानाही हीच वाढ होते : समाज–सामाजिक, इतिहास–ऐतिहासिक, उद्योग–औद्योगिक. मुले ‘समाजिक’, ‘इतिहासिक’ लिहितात ती हा बदल न कळल्यामुळे. (श्रमिक, धनिक, क्रमिक यांत स्वर वाढत नाही. हे तीन शब्द संचात घेतले नाहीत.)

घरी येऊन मी नियम लिहिला : ‘पहिला स्वर आ, ऐ किंवा औ असेल आणि शेवटी य असेल, तर तो शब्द आधीच नाम आहे, त्याला -ता लावू नका.’ लिहून झाल्यावर ‘सौम्य’ आठवला. सौम्यता तर बरोबर आहे. ‘मान्य’, मान्यताही बरोबर. नियम खोडला.

त्याऐवजी परीक्षा ठेवली : तो शब्द एखाद्या नामाच्या आधी विशेषण म्हणून ठेवून बघा. ‘सौम्य स्वभाव’ म्हणता येते, म्हणून सौम्य विशेषण, म्हणून सौम्यता चालेल. ‘शौर्य सैनिक’ म्हणता येत नाही, म्हणून शौर्य नाम, म्हणून शौर्यता नको. ‘योग्य वेळ’, म्हणून योग्यता. ‘वैविध्य रंग’ म्हणत नाही, म्हणून वैविध्यता नको. ही परीक्षा संस्कृत न शिकणाऱ्या मुलालाही करता येते, आणि नियमापेक्षा ती जास्त खरी आहे.

२६ नोव्हेंबर

पहिली चाचणी. वीस प्रश्न, एक तासिका, वर्गात बत्तीस मुले.

नामांच्या प्रश्नांत ‘चा-ची-चे’ची खूण आधी दोन उदाहरणांनी समजावली होती. ती बऱ्याच जणांनी पकडली. ‘त्याचे ______ पाहून शत्रूही थबकला. (शूर)’ यात बहुतेकांचे उत्तर ‘शौर्य’. चौघांनी ‘शौर्यता’ लिहिले. एकीने ‘वीरता’ लिहिले. तो हिंदीचा प्रभाव आहे, शिवाय मूळ शब्दच बदलला. तिला बोलावून विचारले तर म्हणाली, “बाई, ‘त्याचे वीरता’ कानाला बरं वाटत नव्हतं, पण दुसरं सुचलं नाही.” म्हणजे लिंग जुळत नाही हे तिच्या कानाने ओळखले होते. तेवढा धागा मला पुरेसा आहे. तिला पुढच्या वेळी आधी ‘चे’वर बोट ठेवायला सांगितले.

‘गरीब’चे नाम हुकलेले खूप निघाले. शब्द चुकला नव्हता, लेखन चुकले होते. ‘त्याची गरीबी’ असे निम्म्याहून जास्त वह्यांत. गरीब–गरिबी, वकील–वकिली, बेफिकीर–बेफिकिरी : प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ ‘री’, ‘की’ ह्रस्व होतो. उलट बाजूने ‘बुद्धी’ला ‘-मान’ लागताना ‘बुद्धीमान’ लिहिले गेले. मराठीत एकटा शब्द ‘बुद्धी’ दीर्घ लिहितो, पण तत्सम शब्दाला पुढे काही जोडले की मूळचा ह्रस्व परत येतो : बुद्धिमान, शक्तिमान, भक्तिपूर्वक. लेखनाची चूक आणि रूपाची चूक यांचे गुण वेगळे द्यायचे ठरवले. रूप बरोबर असेल तर अर्धा गुण नक्की.

खरी पडझड क्रियाविशेषणांत झाली. त्यावर स्वतंत्र बसावे लागेल.

२९ नोव्हेंबर

क्रियाविशेषणांच्या वह्या दोन दिवस घेऊन बसले. मुलांच्या चुका कमी आणि माझ्या प्रश्नांच्या चुका जास्त निघाल्या.

प्रश्न होता : ‘ती ______ गाते. (सुंदर)’. सूचीत मी ‘सुंदरपणे’ लिहिले होते. सव्वीस मुलांनी जागा तशीच ‘सुंदर’ने भरली. त्यांचे बरोबर आहे. मराठी माणूस ‘ती सुंदर गाते’ असेच म्हणतो, ‘सुंदरपणे गाते’ कोणी म्हणत नाही. विशेषणाला काहीही न लावता ते क्रियाविशेषणाचे काम करते. ‘चांगला’ तर त्याहून पुढे जातो : तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते. क्रियेबद्दल बोलतोय आणि रूप मात्र कर्त्याप्रमाणे बदलतेय. असे शब्द या प्रकारच्या प्रश्नाला अजिबात चालणार नाहीत. सुंदर, चांगला, छान, लवकर हे सगळे काढले.

मग चालतील कोणते? शोधताना ‘शांत’वर थांबले. ‘तो शांत बसला’ आणि ‘तो शांतपणे बसला’ दोन्ही बरोबर. पहिल्यात माणसाची अवस्था आहे, दुसऱ्यात बसण्याची रीत. बसणे, उभे राहणे, झोपणे अशा क्रियापदांजवळ दोन्ही रूपे राहतात आणि प्रश्न सैल पडतो. पण क्रियापद सकर्मक घेतले आणि कर्म जागेच्या आधी ठेवले की गाठ आवळते : ‘तिने सगळ्यांचे आक्षेप ______ ऐकून घेतले. (शांत)’. ‘आक्षेप शांत ऐकून घेतले’ कानाला लगेच खटकते. ‘शांतपणे’ बसते. हा साचा पुढच्या सगळ्या क्रियाविशेषणांसाठी वापरला.

एक गोष्ट मात्र या साच्यानेही सुटली नाही. ‘शांततेने ऐकून घेतले’ हेही तितकेच बरोबर आहे. विशेषणाला ‘-पणे’ लावा किंवा त्याचे नाम करून ‘-ने’ लावा, काम तेच होते : प्रामाणिकपणे, प्रामाणिकपणाने. इथे एकच उत्तर ठरवणे म्हणजे भाषेवर अन्याय होईल. उत्तरसूचीत दोन्ही लिहिली आणि तपासणाऱ्यासाठी ठळक सूचना ठेवली.

मुलांच्या खऱ्या चुका दोन जातीच्या होत्या. पहिली म्हणजे प्रत्यय चुकीच्या जातीच्या शब्दाला लावणे. ‘काळजीपणे’, ‘आदरपणे’, आणि उलट ‘प्रामाणिकपूर्वक’. ‘-पणे’ विशेषणाला लागतो, ‘-पूर्वक’ नामाला लागतो. काळजी नाम, म्हणून काळजीपूर्वक. प्रामाणिक विशेषण, म्हणून प्रामाणिकपणे. म्हणून मुलांना आधी विचारायचे की कंसातला शब्द स्वतः काय आहे. जागेला काय हवे आहे एवढ्यावर उत्तर मिळत नाही. आपण कुठून निघालो तेही कळायला हवे.

दुसरी चूक फक्त दोन ठिपक्यांची. ‘कोकणात पाऊस ______ जूनमध्ये येतो. (सामान्य)’ याला अकरा जणांनी ‘सामान्यता’ लिहिले. बोलताना विसर्ग पुसट होतो आणि सामान्यतः, सामान्यता हे दोन्ही एकसारखे ऐकू येतात. एक क्रियाविशेषण आहे, दुसरे नाम. ‘संपूर्णतः’ आणि ‘संपूर्णता’चेही तेच. त्यांना एक छोटी तपासणी सुचवली : त्या जागी ‘बहुधा’ किंवा ‘नेहमी’ ठेवून बघा. वाक्य चालले तर विसर्ग द्या. ‘त्याची’ किंवा ‘तिची’ आधी ठेवता आली तर ‘ता’ लिहा.

३ डिसेंबर

उपसर्गांचा भाग. इथली अडचण वेगळी आहे. वाक्याची रचना बघून ‘इथे नाम हवे’ एवढे कळते, पण ‘नकारी नाम हवे’ हे कळत नाही. त्यासाठी वाक्यात अर्थाचा पुरावा पेरावा लागतो.

‘रहिवाशांची मोठी ______ झाली. (सोय)’ असे लिहिले तर ‘सोय’ही चालेल. ‘कोणतीही सूचना न देता पाणी बंद केल्याने रहिवाशांची मोठी ______ झाली’ म्हटल्यावर ‘गैरसोय’ हेच उत्तर उरते. ‘न देता’ हे दोन शब्द काढले तर वाक्य लगेच ढिले पडते.

मग कोणता नकार? मागच्या वर्षी ‘बेसोय’, ‘असोय’ असे शब्द आले होते. कानाला सवय नसेल तर उपसर्ग अंदाजाने लावला जातो. संस्कृत शब्दांना ‘अ-’ किंवा ‘अन्-’ : व्यंजनाआधी ‘अ-’, स्वराआधी ‘अन्-’. अशक्य, अयोग्य, पण अनावश्यक, अनुचित, अनुपस्थित. शेवटच्या दोन शब्दांत मुले ‘अनु-’ हा उपसर्ग आहे असे समजून फोड करतात. फोड अन् + उचित, अन् + उपस्थित अशी आहे. ‘अनुकरण’, ‘अनुक्रम’ यांत मात्र खरोखरच ‘अनु-’ आहे. तोडून उरलेला तुकडा अर्थ देतो का, हे बघायचे. ‘उपस्थित’ला अर्थ आहे, ‘पस्थित’ला नाही.

फारसी-अरबीतून आलेल्या ‘गैर-’, ‘बे-’, ‘ना-’ यांच्याबद्दल एक निरीक्षण मला उपयोगी वाटले. ‘गैर-’ शब्दाची जात बदलत नाही. सोय नाम, गैरसोय नाम. हजर विशेषण, गैरहजर विशेषण. ‘बे-’ बहुतेकदा नामाचे विशेषण करतो : इमान–बेइमान, फिकीर–बेफिकीर. संस्कृत ‘निः-’ही तेच करतो : दोष–निर्दोष, फळ–निष्फळ. म्हणजे विशेषणाची जागा आहे आणि कंसात नाम आहे, तर ‘बे-’ किंवा ‘निः-’कडे आधी बघायचे. ‘बेजबाबदार’ या चौकटीबाहेर राहतो, कारण जबाबदार स्वतःच विशेषण आहे. ‘अ-’ दोन्ही करतो : न्याय–अन्याय नामच राहते, नाथ–अनाथ विशेषण होते. त्यामुळे ‘अ-’साठी मी कोणताही नियम लिहिला नाही. तिथे शब्दच ओळखीचे व्हावे लागतात.

५ डिसेंबर

‘भय’ हा एक शब्द घेऊन तीन वाक्यांचा पूर्ण गट केला, कारण यात उपसर्ग, प्रत्यय, लिंग आणि अर्थ सगळे एकत्र येतात.

पहिले : ‘त्या ______ मुलीने साप पकडून दूर रानात सोडला.’ जागा नामाच्या आधी आहे, म्हणून विशेषण. कंसात नाम आहे, म्हणून ‘निः-’. ‘भ’ हा मृदू वर्ण, म्हणून विसर्गाचा ‘र्’ होतो. उत्तर निर्भय.

दुसरे : ‘तिची ______ पाहून गाव थक्क झाले.’ ‘तिची’मुळे स्त्रीलिंगी नाम हवे. निर्भय विशेषण, त्याला ‘-ता’. उत्तर निर्भयता. मूळ ‘भय’ नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे ‘तिची भय’ आपोआप बाद होते.

तिसरे : ‘चौकशीत तिने सगळे काही ______ सांगितले.’ उत्तर ‘निर्भयपणे’. हे वाक्य सहकारी बाईंना सोडवायला दिले. त्यांनी पाचच सेकंदांत ‘भयाने’ असे लिहिले आणि माझ्याकडे बघितले. त्यांचे बरोबर होते. घाबरूनही माणूस चौकशीत सगळे सांगतो. पहिल्या दोन वाक्यांतली मुलगी माझ्या डोक्यात होती, म्हणून मला निर्भयपणाच दिसत होता. पण प्रश्न सुटा वाचला तर तो पुरावा वाक्यात नव्हता. दुरुस्ती अशी : ‘समोर गावचे बडे लोक बसले असतानाही कोणाची भीड न ठेवता तिने सगळे काही ______ सांगितले.’

यानंतर उरलेले सगळे उपसर्गाचे प्रश्न मी सुटे करून, क्रम उलटा लावून पुन्हा वाचले. आणखी तीन सैल निघाले.

९ डिसेंबर

दुसरी चाचणी, या वेळी शेजारच्या तुकडीत, माझी कसलीही प्रस्तावना न देता. नामांच्या प्रश्नांत ‘चे’ आणि ‘ची’ची खूण काहींनी आपसूक पकडली, पण न सांगता ‘शौर्यता’ लिहिणारे या तुकडीत बरेच जास्त. त्यामुळे संचाच्या पहिल्या पानावर तीन ओळींची सूचना घातली : आधी कंसातला शब्द काय आहे ते ठरवा, मग जागेला काय हवे ते बघा, नाम हवे असेल तर आधीचा चा-ची-चे वाचा.

क्रियाविशेषणाच्या आठ प्रश्नांपैकी सात नीट चालले. आठवा ‘क्रम’ : ‘मुले ______ पुढे आली.’ अपेक्षित उत्तर ‘क्रमशः’, मुलांनी ‘क्रमाने’ लिहिले, आणि तेच बोलीत रुळलेले आहे. प्रश्न काढून टाकला, त्या जागी ‘अक्षर’ घेतला : ‘त्याने बाईंचे सांगणे ______ पाळले.’ इथे ‘अक्षराने’ कोणी लिहिणार नाही.

संच एकोणचाळीस प्रश्नांवर थांबला आहे. चाळिसाव्यासाठी ‘लहान’ धरून ठेवलाय. ‘लहानपण’, ‘लहानपणा’ आणि ‘लहानपणी’ या तिघांना वेगळे काढणारी वाक्ये अजून जमली नाहीत. ‘त्याचे ______ कोकणात गेले’ हे पहिल्यासाठी ठीक आहे. ‘लहानपणी’साठीचे वाक्य उद्या मुलांकडूनच लिहून घेणार आहे.